एका फेऱ्याला किती ठोके?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया तयार करणाऱ्या रोलिंग मिल आहेत. यंत्रांच्या कंपनांचे इंग्रजी अहवाल देखभाल अभियंत्यांसाठी मी मराठीत आणतो. या कामात मला सर्वांत जास्त अडवले ते 'फ्रिक्वेन्सी' या शब्दाने. पाठ्यपुस्तकातला 'वारंवारता' हा प्रतिशब्द भौतिकशास्त्रात चपखल बसतो. पण 'बेअरिंग दोष वारंवारता' असे लिहिले, की वाचणाऱ्याला वाटते, बेअरिंग किती वेळा बिघडते हे सांगितले आहे. म्हणून मी लिहितो, 'शाफ्टच्या एका फेऱ्याला किती ठोके'.

समजा, पाण्याचा एक लहान पंप मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरला कपलिंगने जोडला आहे. म्हणजे सेकंदाला २४ फेरे. आलेखात २४ हर्ट्झला उंच सुळका दिसला, तर फेऱ्याला एक ठोका. इंपेलरच्या एका बाजूला गाळ चिकटला, की ती जड बाजू दर फेऱ्याला एकदा शाफ्टला बाहेर खेचते. हा असमतोल. सुळका ४८ हर्ट्झला असेल आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही हादरे असतील, तर दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसावेत. याला फिटर 'अलाइनमेंट आउट' म्हणतात आणि मीही तेच लिहितो. दोन्हींना 'असंतुलन' म्हटले, तर मोटरखाली शिम घालायच्या जागी कोणी इंपेलर खोलून बसेल.

बेअरिंगचे ठोके मात्र पूर्णांकात येत नाहीत. या मोटरमध्ये ६२०५ क्रमांकाचे, नऊ गोळ्यांचे बेअरिंग आहे असे धरू. शाफ्टचा एक फेरा होईतो गोळ्यांचा पिंजरा जेमतेम ०.४ फेरा फिरतो. त्यामुळे स्थिर असलेल्या आउटर रेसवरच्या एखाद्या खड्ड्यावरून नऊ नव्हे, तर ३.५८५ गोळ्या जातात. इनर रेस शाफ्टबरोबर फिरते, म्हणून तिच्या वाट्याला उरलेल्या ५.४१५ येतात. २४ ने गुणले, की सुमारे ८६ आणि १३० हर्ट्झ. गोळ्या थोड्या घसरतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा किंचित इकडेतिकडे होतो.

या मोजणीला मर्यादा आहे. फेऱ्याला एक ठोका वाकलेल्या शाफ्टमुळे किंवा सैल पायाच्या बोल्टमुळेही पडतो. म्हणून 'असमतोल आहे' असे न लिहिता मी लिहितो: 'फेऱ्याला एक ठोका. आधी पायाचे बोल्ट तपासा, मग इंपेलर साफ करा, तरी ठोका राहिला तर तोल साधून घ्या.' आणि ८६ हर्ट्झच्या सुळक्यासाठी: 'फेऱ्याला साडेतीनच्या आसपास ठोके. आउटर रेसला खड्डा असावा. सुळका वाढतो का पाहा आणि नवे बेअरिंग मागवून ठेवा.'