सूर घ्यावा, बोली नव्हे

समजा, पुण्याहून आरोग्य सर्वेक्षणासाठी आलेली एक तरुण मुलगी कोल्हापूरकडच्या गावात एका घरासमोर उभी आहे. ओट्यावरचे आजोबा मोकळ्या आवाजात म्हणतात, "या की! कुठनं आलासा?" तिने हातातल्या कागदावरून नजर न काढता "नमस्कार, पाच मिनिटं द्याल का?" एवढंच विचारलं, तर आजोबांचा आवाज तिथेच खाली येतो आणि पुढची उत्तरं हो-नाही एवढीच मिळतात. तिने हसून, तेवढ्याच मोकळेपणाने "रामराम आजोबा! पुण्याहून आले. इथंच बसू का?" म्हटलं, तर बहुधा आतून आधी पाणी येतं. पण ती "मी पुण्यासनं आलो की ओ!" म्हणाली, तर आजोबा क्षणभर तिच्याकडे बघत राहतात.

तिच्या मनात वाईट काही नसतं. त्या भागात बायकाही "मी आलो" म्हणतात, हेही खरं. शेवटच्या दोन्ही उत्तरांत आपुलकी सारखीच आहे. फरक एवढाच, की आधीच्या उत्तरात तिने आजोबांकडून आवाजाची पट्टी आणि मोकळेपणा घेतला, तर नंतरच्यात त्यांची बोलीच उचलली. बोली हा माणसाच्या ओळखीचा भाग असतो. मोकळेपणा कुणीही कुणाला परत देऊ शकतं.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ हावर्ड गाइल्स यांनी 1970 च्या दशकापासून नेमका हाच प्रश्न अभ्यासला : समोरच्याशी बोलताना आपण आपलं बोलणं त्याच्याकडे किती झुकवतो आणि ते त्याला कसं वाटतं? 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी आणि फिलिप स्मिथ यांनी एका कॅनेडियन माणसाच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं इंग्लंडमधल्या श्रोत्यांना ऐकवली. कुठे त्याने श्रोत्यांसाठी बोलण्याचा वेग जुळवून घेतला होता, कुठे आशय, कुठे उच्चार. वेग आणि आशय जुळवलेला श्रोत्यांना आवडला. उच्चारही त्यांच्यासारखे केले, तेव्हा मात्र ते तितकंसं रुचलं नाही.

याच्या उलट वाटावं असा एक प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला. रिक फान बारेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तो प्रसिद्ध केला. रेस्टॉरंटमधल्या वेट्रेसने काही गिऱ्हाइकांची ऑर्डर त्यांच्याच शब्दांत परत म्हणून दाखवली, काहींना नुसतं "ठीक आहे" अशा अर्थाचं उत्तर दिलं. शब्द परत ऐकलेल्यांनी टिप जास्त दिली. इथे नक्कल का खुपली नाही? माझ्या मते, त्या शब्दांना काम होतं. आपलं म्हणणं नीट ऐकलं गेलं, याची ती खात्री होती. शिवाय परत आले ते शब्द, गिऱ्हाइकाचा हेल नव्हे.

म्हणूनच "जय भीम"ला "जय भीम" म्हणणं किंवा वारीत "माउली" म्हणणाऱ्याला "माउली" म्हणणं यात नक्कल नसते. तो नमस्कार परत देण्यासाठीच असतो. आजोबांचं दुखणं वेगळं आहे. गावाकडचा माणूस शहरात येऊन प्रमाण मराठी बोलू लागला, तर कुणी त्याला टिंगल म्हणत नाही. उलट दिशेने, शहरातून गावाकडे, तीच गोष्ट झाली की मालिकांतल्या आणि विनोदी कार्यक्रमांतल्या गावंढळ पात्रांची आठवण जागी होते. तो हेल हसण्यासाठी वापरलेला आजोबांनी अनेकदा ऐकलेला असतो.

दार अर्धवट उघडून कुणी "काय पाहिजे?" म्हणालं, तर हिशेब थोडा बदलतो. त्यांचा तुटकपणा परत दिला, तर दार लागतं. फार गोड बोललं, तर काही विकायला आल्यासारखं वाटतं. तिथे जुळवायची ती बोलण्याची लांबी : एक पाऊल मागे उभं राहून, साध्या आवाजात, "आरोग्य सर्वेक्षणासाठी आलेय, दोनच प्रश्न आहेत." आवाजातली ऊब समोरच्यापेक्षा किंचितच जास्त असावी. त्यांचा आवाज सैल झाला, की आपलाही सैल करता येतो.

चूक झाल्याची खूण कानांना कळते. आजोबा "आलासा" सोडून "आलात"वर येतात, वाक्यं आखूड आणि पुस्तकी होतात. म्हणजे त्यांनी आपली बोली मागे घेतली. अशा वेळी सारवासारव करत बसलं, तर तोच विषय लांबतो. मुलीने आपल्या नेहमीच्या बोलण्यात परतावं आणि पुढचा प्रश्न साधेपणाने विचारावा. हीच मुलगी दोन-तीन महिने त्या गावात राहिली, तर तिच्या बोलण्यात तो "की" आपसूक येऊ लागेल, आणि तेव्हा तो आजोबांच्या लक्षातही येणार नाही.