रात्री तीन वाजताचे २५ किलोवॉट

रात्रीचे तीन वाजलेले. दुसरी पाळी बाराला सुटली, सीएनसी मशीन बंद झाली, दिवे मालवले, गेटवर उरला एकटा वॉचमन. पण मुख्य पॅनेलवर आठवडाभरासाठी लावलेल्या लोड लॉगरच्या आलेखातली रेघ काही शून्याकडे गेलेली नाही. २५ किलोवॉटवर ती सकाळी सातपर्यंत आडवी पडून आहे. ऊर्जा लेखापरीक्षकाला, म्हणजे रूढ भाषेत एनर्जी ऑडिटरला, अहवालातलं सगळ्यात किमती पान बहुधा याच रेघेत सापडतं.

इथे घेतलेला कारखाना कोणा एकाचा नाही. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या दोन पाळ्यांच्या मशीन शॉपमध्ये शोभतील असे आकडे घेऊन हे उदाहरण मांडलं आहे. महिन्याला ५२,००० युनिट, बिल ५ लाख २० हजार, कामाचे दिवस २५, सुट्टी गुरुवारी. केंद्र सरकारच्या २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने मोठ्या ‘नामनिर्देशित’ ग्राहकांवर ऊर्जा लेखापरीक्षण बंधनकारक केलं, पण एवढ्या छोट्या उद्योगाला ती सक्ती नाही. मालक ऑडिट करून घेतो तो बिल टोचायला लागल्यावर.

तीन वाजताच्या २५ पैकी ३ किलोवॉट कुंपणाचे दिवे, कॅमेरे आणि कार्यालयातल्या किरकोळ गोष्टींचे निघाले. उरलेले २२ एकट्या कॉम्प्रेसरचे. तो रात्रभर चालू का ठेवता, असं विचारलं की फोरमनचं उत्तर ठरलेलं असतं: “सकाळी प्रेशर चढायला वेळ लागतो, साहेब. पहिल्या पाळीची माणसं खोळंबतात.” उत्तर प्रामाणिक असतं. फक्त तो वेळ घड्याळ लावून कोणी मोजलेला नसतो.

दाबाखालची हवा कारखान्यात जवळजवळ फुकट समजली जाते. एअर गनने अंगावरची धूळ उडवायची, भुसा झाडायचा, उन्हाळ्यात मानेवर वारा घ्यायचा. प्रत्यक्षात कारखान्यातली सगळ्यात महाग ऊर्जा हीच. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला साधारण दहावा भाग हवेमार्फत कामाला येतो, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. त्यात गळती डोळ्यांना दिसत नाही. तेल गळलं तर जमिनीवर डाग पडतो, पाणी गळलं तर कोणीतरी ओरडतं. हवेची शीळ मात्र मशीनच्या आवाजात बुडून जाते.

म्हणून गळती मोजायची ती गुरुवारी. कारखाना बंद, हवा वापरणारं एकही मशीन चालू नाही, फक्त कॉम्प्रेसर सुरू. स्क्रू कॉम्प्रेसरचं वागणं साधं असतं. टाकीतला दाब साडेसहा बारपर्यंत उतरला की तो ‘लोड’ होतो, म्हणजे हवा भरू लागतो. साडेसातला पोचला की ‘अनलोड’ होतो. तेव्हा मोटर फिरत राहते, पण हवा भरली जात नाही. कोणीच हवा वापरत नसताना दाब उतरतो तो निव्वळ गळतीमुळे. हातात स्टॉपवॉच घेऊन अशा दहा फेऱ्या मोजल्या. सरासरी १६ सेकंद लोड, ३८ सेकंद अनलोड. ५४ पैकी १६ म्हणजे जवळपास ३० टक्के. यंत्राची क्षमता मिनिटाला ६.४ घनमीटर हवेची, तेव्हा त्यातली सुमारे १.९ घनमीटर हवा कुठलंही काम न करता बाहेर जाते. सात बार दाबाला तीन मिलिमीटरच्या एका छिद्रातून मिनिटाला अर्ध्या घनमीटरहून अधिक हवा सुटते, म्हणजे अशी तीन-चार छिद्रं चोवीस तास उघडी ठेवल्यासारखंच हे.

ही चाचणी फसूही शकते. एखाद्या मशीनचा कॉक अर्धवट उघडा राहिला, किंवा टाकीखालचा आपोआप पाणी सोडणारा व्हॉल्व्ह मध्येच उघडला, तर त्या फेरीचा आकडा वेगळा येतो. दहा फेऱ्या एकमेकींशी जुळल्या तरच सरासरी घ्यायची.

आता वीज. यंत्राच्या पाटीवर ३७ किलोवॉट लिहिलेलं असतं, पण तो मोटरने शाफ्टला दिलेल्या शक्तीचा आकडा. मीटरवर लोडमध्ये ४१ किलोवॉट दिसले आणि अनलोडमध्ये १४. मोटर ‘रिकामी’ फिरतानाही १४ किलोवॉट खाते, हे ऐकून बहुतेक मालक चमकतात. रात्री ३० टक्के वेळ ४१ आणि ७० टक्के वेळ १४, यांची सरासरी बरोबर २२ येते. आलेखातल्या रेघेचा उलगडा इथे होतो. रात्रभर कॉम्प्रेसर गळकी छिद्रं भरत होता आणि मधल्या वेळात नुसता फिरत होता.

फोरमनचा प्रश्न राहिलाच. गुरुवारी टाकी पूर्ण रिकामी करून कॉम्प्रेसर सुरू केला, तेव्हा पूर्ण दाब यायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सकाळी वॉचमनने पावणेसातला बटण दाबलं तरी भागतं. रात्रीचे सात तास, २५ रात्री, २२ किलोवॉट: महिन्याला ३,८५० युनिट. खर्च शून्य.

या युनिटचे रुपये करताना एक ठेच लागते. बिलाला युनिटांनी भागलं तर दर १० रुपये येतो. पण त्यात मागणी आकार आहे, आणि रात्री कॉम्प्रेसर बंद ठेवल्याने दिवसाची कमाल मागणी उतरत नाही. तो आकार तसाच भरावा लागतो. बचत मोजायची ती फक्त युनिटबरोबर खरोखर कमी होणाऱ्या रकमेवर, या उदाहरणात ९ रुपयांवर. रात्रीच्या युनिटला दरात सवलत असेल तर तीही वजा करायची. ९ रुपयांनी महिन्याला ३४,६५० रुपये होतात.

पुढचा पर्याय गळती बुजवण्याचा. साबणाचं पाणी किंवा अल्ट्रासोनिक गळतीशोधक घेऊन लाइन चालत गेलं की ठिकाणं तीच ती निघतात: पुश-फिट जोड, चिरलेले होज, फिल्टर-रेग्युलेटरचे वाडगे, सिलिंडरची झिजलेली सील, आणि काढून नेलेल्या मशीनकडे अजूनही जाणारी एखादी जिवंत लाइन. गळती शून्यावर आणणं व्यवहारात जमत नाही. ३० वरून १० टक्क्यांवर आणणं जमतं.

अहवालातली चूक बहुतेक वेळा इथेच होते. २० टक्के हवा वाचली म्हणजे ४१ किलोवॉटच्या २० टक्के, ८.२ किलोवॉट वाचले, असं लिहून टाकलं जातं. ते खरं नाही. ठरलेल्या वेगाचा कॉम्प्रेसर हवा कमी लागली म्हणून थांबत नाही, तो अनलोड होतो आणि १४ किलोवॉट खातच राहतो. वाचतो तो ४१ आणि १४ मधला फरक, २७ किलोवॉटच्या २० टक्के, म्हणजे ५.४ किलोवॉट. शिवाय रात्री यंत्र बंद ठेवायचं आधीच ठरलं आहे, तेव्हा ही बचत दिवसाच्या १७ तासांपुरतीच धरायची. हिशेब होतो महिन्याला २,२९५ युनिटांचा. तीच गळती ४१ किलोवॉट धरून, चोवीस तास आणि तीस दिवस लावून मोजली असती तर ५,९०० युनिट दिसले असते. कागदावर अडीचपट बचत, आणि बिलात तिचा मागमूस नाही.

जोड, होज, बॉल व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून ६० हजार रुपये धरले तर महिन्याच्या २०,६५५ रुपयांच्या बचतीत ते तीन महिन्यांत वसूल होतात.

अहवालात इतर पर्यायही असतात. एलईडी दिवे, कपॅसिटर, जुन्या मोटरी. इथे ते छोटे आहेत, बाजूला ठेवू. मालकाच्या टेबलावर मात्र एक चकचकीत कोटेशन पडलेलं असतं: गरजेप्रमाणे वेग बदलणारा, व्हीएफडी बसवलेला नवा ३७ किलोवॉटचा कॉम्प्रेसर. किंमत ९ लाख, ३५ टक्के बचत, १४ महिन्यांत पैसे वसूल.

हे १४ महिने आले कुठून? जुना कॉम्प्रेसर दिवसा ७५ टक्के वेळ लोडवर होता, त्यातले ३० टक्के गळतीचे. दिवसाची आणि रात्रीची वीज मिळून तो महिन्याला सुमारे १८,४०० युनिट खात होता. विक्रेत्याने त्याचे ३५ टक्के काढले, १० रुपयांनी गुणलं, झाले ६४,४०० रुपये महिना. गणितात चूक नाही. पण त्या १८,४०० मधला मोठा वाटा रात्रीच्या रिकाम्या फिरण्याचा आणि गळतीचा आहे, आणि तो बटण बंद करून आणि जोड बदलून आधीच वाचणार आहे. ती दोन कामं झाली की कॉम्प्रेसर दिवसाला ५५ टक्के लोडवर येतो आणि सरासरी २९ किलोवॉटच्या आसपास घेतो. तेवढीच हवा व्हीएफडी यंत्र साडेचोवीस किलोवॉटच्या आत-बाहेर देईल. फरक जेमतेम साडेचार किलोवॉटचा, महिन्याला सुमारे १,९०० युनिट, १७ हजार रुपये. ९ लाख वसूल व्हायला ४ वर्षं ५ महिने लागतात.

व्हीएफडी कॉम्प्रेसर वाईट असतो असं नव्हे. हवेची मागणी दिवसभर खालीवर होत असेल आणि जुनं यंत्र तसंही मोडीत काढायचं असेल तर तो घ्यावाच. पण तेव्हाही ३७ किलोवॉटचा का? गळती बुजल्यावर गरज उरते मिनिटाला साधारण साडेतीन घनमीटरची, आणि ती २२ किलोवॉटच्या यंत्राच्या टप्प्यात येते. एकाच वेळी जास्त मशीन हवा ओढतात तेव्हाची कमाल गरज किती, हे आधी फ्लो मीटर लावून बघायला हवं. सरासरीवर यंत्र निवडलं तर दुपारी तीनला दाब पडतो आणि सीएनसी अलार्म देऊन उभं राहतं.

म्हणून अहवाल हातात पडला की शेवटच्या पानावरच्या परतफेडीच्या तक्त्याआधी तीन गोष्टी ऑडिटरला विचाराव्यात. प्रत्येक बचत कुठल्या पायावर मोजली, वरचे पर्याय अमलात आल्यानंतरच्या वापरावर की आजच्या वापरावर? युनिटचा दर कुठला धरला? आणि लॉगरची मूळ फाइल द्याल का? ती फाइल नसेल आणि आकडे नुसते पाटीवरच्या किलोवॉटला तासांनी गुणून काढलेले असतील, तर ते ऑडिट नव्हे, अंदाजपत्रक आहे. ऑडिटर निवडताना तो केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची परीक्षा उत्तीर्ण झाला आहे का, हेही पाहता येतं.

या कारखान्याचा हिशेब असा: रात्री कॉम्प्रेसर बंद आणि गळती १० टक्क्यांवर, यांत महिन्याला ६,१४५ युनिट वाचले, एकूण वापराच्या सुमारे १२ टक्के. घातलेले पैसे ६० हजार. ९ लाखांचं कोटेशन फाइलमध्ये गेलं.

गळती परत येते. जोड सैल होतात, नवे होज लागतात, कोणीतरी जुन्या लाइनला नवी टी मारतं. दर तीन महिन्यांनी एका गुरुवारी स्टॉपवॉच घेऊन दहा फेऱ्या पुन्हा मोजायच्या. अर्धा तास पुरतो, आणि त्यासाठी ऑडिटर बोलवावा लागत नाही.