चित्र मागताना शब्द कशावर खर्च करावेत

शब्द देऊन संगणकाकडून चित्र काढून घेणाऱ्यांच्या सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, वाचायला घेतले की त्यांच्या कपाळावर एकच मळवट दिसतो:

```
masterpiece, best quality, ultra detailed, 8k
```

मासळीबाजार हवा असो, हिमालय हवा असो की लग्नपत्रिकेवरचा गणपती, मळवट तोच. खरी मागणी त्यानंतर सुरू होते आणि बहुतेकदा चार शब्दांत संपते. कौतुकाचे शब्द जास्त आणि चित्राविषयीचे शब्द कमी, असा हा उलटा हिशोब आहे.

हे शब्द फारसं काम का करत नाहीत, हे कळायला चित्र काढणारं मॉडेल शब्द शिकतं कसं ते पाहावं लागतं. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं ‘स्टेबल डिफ्यूजन’ घेऊ. त्याचं शिक्षण ‘लायन’ या संग्रहातून निवडलेल्या चित्रांवर झालं. या संग्रहाच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीत ५८५ कोटी जोड्या आहेत. प्रत्येक जोडी म्हणजे इंटरनेटवरच्या एका चित्राचा पत्ता आणि त्या चित्राला वेबपानावर जोडलेला मजकूर. तो मजकूर चित्रकलेच्या जाणकारांनी लिहिलेला नाही. दुकानदार, बातमीदार, वॉलपेपर विकणारे, सुट्टीतले फोटो टाकणारे अशा कोणीही तो लिहिलेला आहे. शब्द आणि त्यासोबत वारंवार दिसणारं दृश्य यांची गाठ मॉडेल या ढिगातून बांधतं. ‘ओला दगड’ या शब्दांबरोबर खरोखर ओले दगड दिसत असतात, म्हणून ती गाठ पक्की बसते.

आता ‘मास्टरपीस’ हा शब्द या ढिगात कुठे सापडेल? संग्रहालयातल्या तैलचित्रांच्या छापील प्रती विकणाऱ्या पानांवर सापडेल. लग्नाच्या केकच्या जाहिरातीत सापडेल. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ खेळण्यांच्या एका मालिकेचं नावच मास्टरपीस आहे, तेव्हा प्लास्टिकच्या यंत्रमानवांखालीही तो असणार. या सगळ्यांत डोळ्यांना दिसणारं सामाईक असं काही नाही. आणि उलट बाजूने पाहा: उत्तम फोटो काढणारे छायाचित्रकार आपल्या फोटोखाली ‘पहाटेची गोदी’ असं लिहितात, ‘सर्वोत्तम दर्जा’ असं लिहीत नाहीत. म्हणजे ज्या चित्रांसारखं चित्र आपल्याला हवं असतं, त्यांच्याखाली हे शब्द बहुधा नसतातच.

‘८के’ची गंमत वेगळी. हे पडद्याचं माप आहे: ७६८० बाय ४३२० ठिपके, म्हणजे तीन कोटींच्या वर. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्या मुळात ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं चित्र काढण्यासाठी घडवलेल्या. त्यात ठिपके होतात अडीच लाखांच्या थोडे वर. कोणताही शब्द टाइप केल्याने त्यात एका ठिपक्याची भर पडत नाही, कारण चित्राचा आकार वेगळ्या खान्यात ठरवावा लागतो. ‘८के’ लिहिल्यावर मॉडेलला आठवतात ते वॉलपेपर आणि टीव्हीच्या जाहिराती, आणि रंग थोडे भडक होतात.

मग ही सवय लागली कुठून? तिच्यामागे एक खरं कारण आहे. जपानी अ‍ॅनिमे शैलीची जी मॉडेलं निघाली, त्यांच्यापैकी काहींच्या कर्त्यांनी शिक्षणाच्या वेळी चित्रांना मुद्दाम दर्जाच्या चिठ्ठ्या लावल्या. रसिकांनी ज्या चित्रांना जास्त गुण दिले होते, त्यांना ‘मास्टरपीस’ किंवा ‘बेस्ट क्वालिटी’ हे शब्द जोडले गेले. ‘अ‍ॅनिमाजिन एक्सएल’मध्ये असंच आहे. ‘पोनी’ नावाच्या मॉडेलात त्याच कामासाठी `score_9` अशी खूण आहे. त्या मॉडेलांपुरते हे शब्द खरंच चालतात, कारण त्यांची गाठ कोणीतरी हाताने बांधलेली आहे. तिथे ते जरूर वापरावेत, मॉडेलसोबतच्या माहितीत दिले असतील तसेच. पण लोकांनी तो मळवट उचलला आणि जिथे अशी चिठ्ठी कोणी लावलीच नव्हती, त्या मॉडेलांच्याही कपाळी फासला. `score_9` दुसऱ्या मॉडेलला दिलं, तर ती फक्त अक्षरं आणि आकडा उरतो.

या शब्दांचा परिणाम शून्य असतो असं मात्र नाही. ते चित्राला एका ठरावीक दिशेला ढकलतात: विषय मधोमध, मागे धूसर पार्श्वभूमी, पाठीमागून नारिंगी उजेड, त्वचेवर तुकतुकी. पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी हे ‘भारी’ वाटतं. चार जणांची चार चित्रं शेजारी ठेवली की सगळी एकाच स्टुडिओतून आल्यासारखी दिसतात, तेव्हा त्याचं कारण कळतं.

एक उदाहरण सविस्तर पाहू. मासिकातल्या एका कथेसाठी मुंबईच्या मासळीबाजारातल्या म्हाताऱ्या कोळणीचं चित्र हवं आहे. मळवट आणि त्यापुढे ‘मासे विकणारी म्हातारी, मुंबईचा बाजार’ एवढंच लिहिलं, तर वर सांगितलेली तुकतुकीत मूर्ती मिळण्याचीच शक्यता जास्त: सुरकुत्या कोरल्यासारख्या, नजर थेट कॅमेऱ्यात, मासे शोभेला. ती काय करते आहे, कुठे बसली आहे, उजेड कुठून येतो, यातलं काहीच आपण सांगितलेलं नाही. जे सांगितलं नाही, ते मॉडेल सरासरीने भरून काढतं. आता हे पाहा:

```
Documentary photo, Mumbai fish market before sunrise.
A fisherwoman of about sixty squats on a low plank,
gutting a pomfret, fish scales stuck to her forearms.
Wet stone floor, crushed ice in a blue plastic tub.
One bare bulb above her, the rest in grey shadow.
Seen from standing height, two steps away.
```

यात स्तुतीचा एकही शब्द नाही. पहिल्या ओळीत माध्यम, जागा आणि वेळ आहे. मग माणूस आणि त्याचं काम. पापलेट साफ करायचं म्हटलं की मान खाली जाते, हात कामात गुंततात आणि कॅमेऱ्याकडे रोखलेली ती नजर बहुधा आपोआप सुटते. ‘अल्ट्रा डिटेल्ड’च्या जागी हातांना चिकटलेले खवले आले आहेत. बारकावा हवा असेल तर तो कोणत्या वस्तूवर हवा, हे सांगावं लागतं. ‘सिनेमॅटिक लायटिंग’च्या जागी डोक्यावरचा उघडा बल्ब आहे. आणि शेवटची ओळ, जी बहुतेक लोक गाळतात, ती पाहणाऱ्याला उभं करते: गिऱ्हाईक दोन पावलांवर उभं राहून खाली पाहतंय.

एक साधी कसोटी मी प्रत्येक शब्दाला लावतो: तिथे उभ्या असलेल्या माणसाला हे डोळ्यांनी दिसलं असतं का? बल्ब दिसतो, खवले दिसतात. ‘सर्वोत्तम दर्जा’ दिसत नाही. ‘सुंदर’ही दिसत नाही. तिथे काय सुंदर होतं, ते दिसतं.

जागेचाही प्रश्न आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या त्या आवृत्त्यांत शब्द वाचणारा भाग एका वेळी ७५ टोकन घेतो. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. स्वल्पविरामही एक टोकन खातो. वरचं कोळणीचं वर्णन सत्तरीच्या आसपास जातं आणि सुरुवातीचा मळवट दहा-बारा टोकन घेतो. दोन्ही एकत्र दिले, तर मूळ व्यवस्थेत शेवटचे काही शब्द कापले जातात, म्हणजे नेमकी पाहण्याची जागा सांगणारी ओळ तुटते. काही साधनं लांब मजकुराचे ७५-७५चे गट पाडून वेळ मारून नेतात, पण तिथेही भरताडाने खऱ्या शब्दांचं वजन पातळ होतं. ‘काय नको’ या खान्यात लोक ‘जास्तीची बोटं, वाईट हात’ असं लिहितात, त्याचीही तीच कथा. सहा बोटांचा फोटो टाकून खाली ‘जास्तीची बोटं’ असं लिहिणारा माणूस विरळाच.

बारकाव्याची एक मर्यादा मात्र शब्दांच्या पलीकडची आहे. हे मॉडेल ५१२ ठिपक्यांच्या चित्रावर थेट काम करत नाही. ते ६४ बाय ६४ चौकटींच्या एका आटवलेल्या रूपावर काम करतं आणि शेवटी ते फुलवून पूर्ण चित्र होतं. एक चौकट म्हणजे आठ बाय आठ ठिपके. बाजाराच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा अशा तीन-चार चौकटींच्या रुंदीत बसवायचा असेल, तर डोळे, नाक, ओठ यांना जागाच उरत नाही आणि चेहरा लोण्यासारखा वितळतो. तिथे ‘अल्ट्रा डिटेल्ड’ लिहून काही होत नाही. कॅमेरा जवळ आणावा, किंवा चित्र मोठं करून दुसरा हात फिरवावा, किंवा तेवढाच भाग निवडून पुन्हा काढून घ्यावा.

हे सगळं विश्वासाने मान्य करायची गरज नाही. पडताळणी सोपी आहे. प्रत्येक चित्र एका यादृच्छिक आकड्यापासून सुरू होतं. त्याला सीड म्हणतात आणि तो कायम ठेवता येतो. सीड तोच, बाकी सेटिंग्ज त्याच ठेवून एकदा मळवटासह आणि एकदा मळवटाशिवाय चित्र काढावं. असं वेगवेगळ्या सीडवर करावं, कारण एका जोडीत योगायोगाने काहीही दिसू शकतं. मग कोणतं चित्र कशाचं हे झाकून दुसऱ्या कोणाला तरी निवडायला सांगावं. शेवटी याच रीतीने ‘उघडा बल्ब’ हे शब्द काढून पाहावेत. कोणत्या शब्दाने चित्र जास्त हललं, ते समोर दिसतं.

नवीन मॉडेलं लांब वाक्यं अधिक चांगली समजतात. २०२३ मध्ये आलेल्या ‘दॅल-ई ३’च्या कर्त्यांनी शिक्षणातल्या चित्रांची मूळ, तुटपुंजी वर्णनं बव्हंशी बाजूला ठेवली आणि यंत्राकडून नवी, सविस्तर वर्णनं लिहून घेतली. कुठे काय आहे, कोणत्या रंगाचं आहे, मागे काय आहे, अशी. अशा मॉडेलला सविस्तर वर्णन हीच ओळखीची भाषा आहे.

तरी नेमकेपणालाही मर्यादा आहे. कोळणीच्या वर्णनात मी विळी लिहिली नाही, ती विसरून नव्हे. विळीच्या नावाने मॉडेलने पुरेशी चित्रं पाहिलेली नसतील, तर ‘पायाखाली धरलेलं उभं पातं’ असं कितीही समजावलं तरी हातात सुरी येण्याचीच शक्यता जास्त. काष्टा घालून गुडघ्यापर्यंत नेसलेल्या लुगड्याचंही तेच, तिथे पायघोळ साडी येते. अशा वेळी आणखी विशेषणं शोधत बसण्यापेक्षा विळीचा खरा फोटो किंवा कागदावर काढलेलं साधं रेखाटन मॉडेलला सोबत द्यावं. ‘कंट्रोलनेट’सारखी साधनं रेघांचा सांगाडा धरून त्यावर चित्र चढवतात. रेखाटन ओबडधोबड चालतं, फक्त पातं कुठून वळतं आणि पाय कुठे टेकतो, एवढं त्यात बरोबर हवं.