दीड ग्रॅमच्या अंगठीचा हिशेब

बारशाला किंवा भाचीच्या लग्नात आपण आहेर म्हणून जे सोनं देतो, ते बहुधा एक-दीड ग्रॅमचंच असतं. नेमकी इथेच गोम आहे. १ एप्रिल २०२३ पासून सराफाला सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही. पण २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्तीच नाही. म्हणजे सर्वांत जास्त दिली जाणारी वस्तू नुसत्या विश्वासावर घेतली जाते.

समजा, २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. दीड ग्रॅमच्या अंगठीत सोनं झालं १५,००० रुपयांचं. त्यावर १५ टक्के घडणावळ २,२५० आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १७,७६७ रुपये. दुसऱ्या दिवशी तीच अंगठी मोडायला नेली, तर घडणावळ आणि कर दोन्ही गेले. हातात फार तर १५,००० येतील, त्यातूनही घट वजा होऊ शकते. आणि कस लावल्यावर सोनं १८ कॅरेटचं निघालं, तर किंमत १२,३०० च्या आसपास येते. खडा असेल, तर त्याचं वजनही सोन्यातून वजा होतं.

म्हणून मोडीचा विचार असेल, तर अंगठीपेक्षा नाणं बरं. घडणावळ कमी लागते. मात्र एक ग्रॅमच्या नाण्यावर ती प्रमाणाने जास्त पडते, आणि बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत घेत नाही. सीलबंद पाकीट फोडू नये. फोडलं की सराफ पुन्हा कस लावणारच.

दागिनाच द्यायचा असेल, तर २ ग्रॅमच्या वरचा घ्या. त्यावर बीआयएसचा त्रिकोणी शिक्का, 22K916 आणि एचयूआयडी भिंगातून पाहा, मग तो क्रमांक BIS Care या ॲपवर टाकून ताडून घ्या. चांदीला अजून हॉलमार्कची सक्ती नाही. शिवाय पैंजणासारख्या वस्तूत डाग लावलेला असतो, त्यामुळे मोडीत चांदी कमी भरते. तिथे शुद्धता बिलावर लिहून घ्यावीच.

बिलात निव्वळ वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि खड्याची किंमत वेगवेगळी हवी. आपल्याकडे आहेराची किंमत दिसू नये म्हणून बिल घरीच ठेवायची रीत आहे. मला ती चुकीची वाटते. दागिन्यात हॉलमार्कपेक्षा कमी सोनं निघालं, तर नियमाप्रमाणे फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो, पण तो मागायला बिल लागतं. भेट मिळालेलं सोनं विकताना भांडवली नफाही देणाऱ्याच्या मूळ खरेदीच्या किमतीवरून मोजला जातो. संकोच वाटत असेल, तर बिल समारंभानंतर बाळाच्या आईकडे द्या, पण द्या.