पिल्लू एका हाकेत यावं म्हणून

आपल्या बीडकडं शेतावरचं गावठी पिल्लू असो की कारवान, हाकेला यायला घरातच शिकवा, दोन पावलांवरून. नाव घेऊन एकदाच "ये" म्हणा आणि आलं की तिथल्या तिथं उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा द्या. अंगणात भाकरीवरही भागतं, पण बांधावर शेळ्या दिसल्या की भाकरीला कोण विचारतो! तिथं चिकन लागतं, आणि छातीपट्ट्याला पंधरा-वीस फुटांची हलकी दोरी. गळपट्ट्याला ती नको, मानेला झटका बसतो. आलं नाही तर हाका मारत राहू नका, अंतर कमी करा. हाक मारून लगेच साखळीला बांधलंत, तर पिल्लू हाक टाळायला शिकतं. म्हणून बहुतेक वेळा खाऊ देऊन परत खेळायला सोडा.

हाकेसारखंच दोरीनं नीट चालणंही शिकवा. चालताना दोरी ताणली की जागीच थांबा. ओढून पुढं जाता आलं, तर ओढणंच पक्कं होतं. दोरी ढिली पडली की पाऊल टाका आणि खाऊ आपल्या मांडीजवळ द्या. एका वेळी पाच मिनिटं पुरे. उन्हाळ्यात डांबरावर तळहात टेकवत नसेल, तर तेव्हा नेऊच नका, पंजे भाजतात.