पेटी ओढायची की ढकलायची?

दहावीचा निकाल लागला की लातूर असो वा पुणे, अकरावीत जाणाऱ्या मुलाच्या टेबलावर जेईई-नीटच्या प्रश्नसंचांची चळत उभी राहते. हाताशी दोन वर्षं असतात, तरी कित्येक घरांत पहिल्याच महिन्यात 'आज किती प्रश्न झाले?' ही विचारणा सुरू होते. हा हिशेब कुठे फसतो ते पाहायला एक पेटी पुरेशी आहे.

जमिनीवर १० किलोची पेटी आहे. तिला बांधलेली दोरी जमिनीशी ३७ अंशांचा कोन करून वर ओढली जाते, बल ५० न्यूटन. घर्षणांक ०.५, आणि गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १०. पेटी हलेल का?

भराभर गणितं सोडवलेला मुलगा सवयीने लिहितो: लंब प्रतिक्रिया म्हणजे वजन, १०० न्यूटन, म्हणून घर्षण ५०. दोरीचा आडवा घटक ४०. चाळीस पन्नासाहून कमी, तेव्हा पेटी जागची हलणार नाही.

पेटी हलते.

दोरी पेटीला पुढे ओढते, तशी थोडी वरही उचलते. ५० न्यूटनचा उभा घटक ३० असतो. म्हणजे जमिनीला ७० न्यूटनचाच भार सोसावा लागतो, घर्षण ३५ वर येतं आणि ५ न्यूटन बल उरतं. त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याच कोनात पेटी खाली दाबत ढकलली, तर लंब प्रतिक्रिया १३० होते, घर्षण ६५ पर्यंत जाऊ शकतं आणि पेटी खरंच हलत नाही. जड ट्रंक फरशीवरून सरकवताना हातांना हे कधीच कळलेलं असतं. कागदावर मात्र 'लंब प्रतिक्रिया बरोबर वजन' हे पाठ केलेलं सूत्र आडवं येतं.

ही चूक आणखी दोनशे गणितांनी सुटत नाही. सपाट जमीन, आडवं बल अशा गणितांत ते सूत्र बरोबरच उत्तर देतं आणि गैरसमज पक्का होतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने लागतात ते यासाठी: सदिशाचे घटक पाडणं, आलेखाचा चढ वाचणं, आणि पेटी एकटी काढून तिच्यावरचं प्रत्येक बल बाणाने दाखवणं. शिकवणीतली मुलं या आकृतीला 'एफबीडी' म्हणतात आणि घाईत नेमकी तीच गाळतात.

अर्थात, नुसती थिअरी वाचत बसणंही फसवंच. प्रकरणागणिक दहा-पंधरा गणितं हवीत, पण प्रत्येकाची आकृती काढून. कोन बदलला, ओढण्याऐवजी ढकललं तर उत्तर कुठल्या बाजूला सरकेल, हे आकडे न मांडता सांगता आलं की मोठा सराव सुरू करायला हरकत नाही.

राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात सदिश आणि कलनाची तोंडओळख दुसऱ्याच प्रकरणात आहे; गणिताच्या तासाला कलन बरंच नंतर येतं. 'हे गणितात होईलच' म्हणून ते प्रकरण उलटून पुढे जाऊ नका.