पाणथरीतली थकबाकी

रक्तातल्या तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. म्हातारी झाली की ती कडक होते, पाणथरीतल्या अरुंद फटींमधून जाताना अडकते आणि तिथं बसलेल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. मोठ्या माणसाच्या शरीरात अशा सुमारे वीस लाख पेशी दर सेकंदाला मोडीत निघतात. त्यांच्यातलं लोह परत वापरात येतं हे शाळेत शिकवलं जातं. पेशीच्या आवरणाचं पुढं काय होतं, याची चौकशी सहसा कुणी करत नाही.

हे आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं आणि त्यातल्या काहींना शर्करेच्या लहान साखळ्या जोडलेल्या असतात. त्यांच्या मुळाशी असलेल्या रेणूला योहान टूडिकुम या रसायनशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात स्फिंगोसिन असं नाव दिलं. कोडी घालणाऱ्या ग्रीक पुराणातल्या स्फिंक्सवरून. पदार्थ त्याच्यासाठीही कोडंच होता, त्यामुळे नाव शोभलं. स्फिंगोसिनला एक मेदाम्ल जोडलं की सेरामाइड होतं, आणि सेरामाइडला एकामागून एक शर्करा जोडत गेलं की स्फिंगोलिपिडांची एक मोठी शाखा तयार होते.

मॅक्रोफेजनं गिळलेलं आवरण जातं लायसोसोममध्ये. शालेय पुस्तकांत याला लयकारिका म्हणतात आणि सोबत ‘आत्मघाती पिशव्या’ हे टोपणनावही देतात. ते जरा अन्यायाचंच आहे, कारण लायसोसोमचं रोजचं काम निमूटपणे मोडतोड करण्याचं. ही पेशीतली आम्लानं भरलेली पिशवी. तिच्यात साठेक प्रकारची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात आणि प्रत्येकाला एकच काम येतं. तांबड्या पेशीच्या आवरणात ग्लोबोसाइड नावाचा एक रेणू आहे: सेरामाइडवर चार शर्करा. त्याची उसवण बाहेरच्या टोकापासून सुरू होते. पहिलं विकर चौथी शर्करा कापतं, दुसरं तिसरी, तिसरं दुसरी. क्रम मोडता येत नाही, आणि एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. तिसऱ्या शर्करेची कात्री नसेल तर माल तिथंच अडतो आणि फॅब्री नावाचा आजार होतो. मेंदूतल्या अशाच एका रेणूची उसवण अडली तर टे-सॅक्स. सगळं सुरळीत पार पडलं आणि शेवटची एकच शर्करा, म्हणजे ग्लुकोज, सेरामाइडला चिकटलेली राहिली, तर गोशे.

हे नाव फिलिप गोशे या फ्रेंच माणसाचं. १८८२ मध्ये पॅरिसमध्ये वैद्यकीचा विद्यार्थी असताना त्यानं ३२ वर्षांच्या एका स्त्रीची प्रचंड वाढलेली पाणथरी तपासली. तिच्यात त्याला मोठाल्या, फुगलेल्या पेशी दिसल्या. हा पाणथरीचा कर्करोग, असं त्यानं प्रबंधात लिहिलं. वर्णन अचूक, निदान चुकीचं. त्या पेशी कर्कपेशी नव्हत्या. पोट भरूनही न पचलेल्या मॅक्रोफेज होत्या त्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या आजही चुरगळलेल्या तलम कागदासारख्या दिसतात, कारण आतल्या लायसोसोममध्ये ग्लुकोसेरेब्रोसाइड हा तो अडलेला माल सुरळ्यांसारखा साचलेला असतो. ही ओळख पटायला १९३४ साल उजाडलं.

माल साचलाय एवढं कळलं, पण का? गोदाम दोन कारणांनी भरतं. आवक जास्त असते किंवा जावक कमी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉस्को ब्रेडी यांनी आधी आवक तपासली. रुग्णांच्या काढून टाकलेल्या पाणथरीच्या चकत्यांत हा पदार्थ नेहमीच्याच वेगानं तयार होत होता. मग जावक. त्यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण असलेलं ग्लुकोसेरेब्रोसाइड बनवलं आणि ऊती त्याचं काय करतात ते पाहिलं. निरोगी ऊतींनी त्यातलं ग्लुकोज कापून वेगळं केलं, रुग्णांच्या ऊतींना ते फारसं जमलं नाही. १९६५ मध्ये कारण सापडलं: ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे विकर अपुरं पडत होतं. लायसोसोमचा शोधही तेव्हा नवाच होता. बेल्जियममध्ये क्रिस्तियाँ द द्युव यांनी उंदराच्या यकृतावर काम करताना त्याचा माग काढला होता आणि १९५५ मध्ये त्याला नाव दिलं होतं.

‘अपुरं’ हा शब्द इथं महत्त्वाचा आहे. आई आणि वडील दोघांकडून या विकराचं बिघडलेलं जनुक आलं तरच मूल आजारी पडतं. एकच बिघडलेलं असेल तर विकर निम्म्यावर येतं आणि तरीही पाणथरीत काही साचत नाही. क्षमता मुळातच गरजेपेक्षा बरीच जास्त असते. ती सर्वसाधारणपणे दहा-पंधरा टक्क्यांच्या खाली गेली की थकबाकी चढू लागते. याचा उलटा पुरावा रक्ताच्या एका कर्करोगात मिळतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात पांढऱ्या पेशी इतक्या बेसुमार तयार होतात आणि मरतात, की त्यांची आवरणं मोडता मोडता मॅक्रोफेज थकतात. अस्थिमज्जेत मग हुबेहूब गोशेसारख्या पेशी दिसू लागतात. विकर मात्र शाबूत असतं. आवकच आवाक्याबाहेर गेलेली असते.

एक उदाहरण मांडून पाहू. चार वर्षांची मुलगी, वजन १४ किलो. पोट फुगलंय, नाकातून वारंवार रक्त येतं, पाय दुखतात म्हणून रात्री रडते. डॉक्टरांच्या हाताला पाणथरी बेंबीपर्यंत लागते. आपल्याकडे अशा वेळी आधी मलेरियाचा विचार होतो, मग थॅलेसेमियाचा, क्षयाचा, आणि प्लेटलेट ६० हजारांवर आल्या की ल्युकेमियाचा. विचार चूक नाही, कारण हे आजार कितीतरी अधिक आढळतात. सोनोग्राफीत पाणथरी ५६० मिलिलिटर भरते. या वजनाला साधारण २८ हवी होती, म्हणजे वीसपट. ती प्लेटलेट अडकवून ठेवते आणि हाडांतला मगज फुगलेल्या मॅक्रोफेजनी भरत चाललाय, म्हणून रक्तही कमी आणि पायही दुखतात. मज्जेच्या तपासणीत कर्करोग दिसत नाही, चुरगळलेल्या पेशी दिसतात. पण ल्युकेमियातल्या त्या नकला ध्यानात घेता तेवढ्यावर निदान करून चालत नाही.

खरा निवाडा रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर होतो. त्या फोडून त्यांच्यातलं विकर एका बनावट सावजावर सोडतात. या सावजात ग्लुकोजला एक रंजक जोडलेलं असतं. विकरानं ग्लुकोज कापलं की रंजक सुटं होतं आणि अतिनील प्रकाशात निळं चमकतं. जितकी चमक, तितकं विकर. या मुलीच्या नळीत जेमतेम उजेड पडतो. मग जनुकाची तपासणी होते. आईवडील मामे-आते भावंडं असतील तर दोघांकडेही एकाच आजोबांकडून आलेला तोच दोष असण्याची शक्यता वाढते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भाला आजाराचा धोका चारात एक असतो. पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते ती याच माहितीच्या जोरावर.

उपचार करायचा तर हिशेबाच्या दोनच बाजू हातात आहेत. पहिली, जावक वाढवायची: विकर बाहेरून द्यायचं. ब्रेडी यांनी ते बाळंतपणातल्या वारेतून वेगळं केलं आणि सत्तरच्या दशकात रुग्णांना शिरेतून दिलं. फळ धरसोडीचं मिळालं, कारण विकर मॅक्रोफेजकडे न जाता बरंचसं यकृताच्या इतर पेशी उचलत होत्या. तोडगा सुंदर निघाला. मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर मॅनोज ही शर्करा ओळखणारे ग्राहक असतात. विकराला जोडलेल्या शर्करा टोकाकडून छाटल्या की आतलं मॅनोज उघडं पडतं आणि मॅक्रोफेज स्वतःच त्याला आत ओढते. पत्ता बरोबर लिहिल्यावर पार्सल पोचू लागलं. १९९१ मध्ये या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. एका प्रौढ रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला मात्र सुमारे २० हजार वारा लागत. म्हणून १९९४ पासून हेच विकर एका चिनी उंदराच्या, हॅम्स्टरच्या, संवर्धित पेशींकडून तयार करून घेतलं जाऊ लागलं. पुढं त्याचा एक अवतार गाजराच्या पेशींतूनही आला. या अवलंबित्वाची झळ २००९ मध्ये बसली. अमेरिकेतल्या एकाच कारखान्यातल्या पेशींना विषाणूची लागण झाली, उत्पादन थांबलं आणि जगभरच्या रुग्णांचे डोस कमी करावे लागले.

आपल्या मुलीला नेहमीचा पूर्ण डोस द्यायचा तर किलोमागे ६० युनिट, म्हणजे ८४० युनिट, दर पंधरा दिवसांनी. चारशे युनिटची कुपी धरली तर डोस थोडा खाली आणून दोन कुप्या, वर्षाला ५२. वजन २८ किलो झालं की कुप्या दुप्पट. औषध आयुष्यभराचं. भारताच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली मुंबईच्या केईएमसारख्या नेमून दिलेल्या केंद्रांतून रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पण मुलाचं वजन वाढतं, मदतीची कमाल मर्यादा वाढत नाही.

दुसरी बाजू आवकेची. ग्लुकोसेरेब्रोसाइड मुळात तयार करणाऱ्या विकराला थोडं आवरलं की उरलीसुरली क्षमता पुरी पडते. एलिग्लुस्टॅट ही कॅप्सूल हेच करते. २०२३ मध्ये भारतीय बनावटीची कॅप्सूल आल्याचं केंद्र सरकारनं जाहीर केलं तेव्हा वर्षाचा खर्च १.८ ते ३.६ कोटींच्या घरातून ३ ते ६ लाखांवर आल्याचं सांगितलं गेलं. ती मुख्यतः मोठ्या माणसांसाठी आहे, आणि यकृत हे औषध किती वेगानं निकालात काढतं ते आधी तपासावं लागतं. ज्यांच्यात ते फारच झपाट्यानं संपतं, त्यांना ते लागूच पडत नाही.

विकराचं सलाइन सुरू झालं की वर्षभरात पाणथरी लक्षणीय आटते, प्लेटलेट वाढतात, नाकातून रक्त येणं थांबतं. हाडं सावकाश सुधारतात. पण भारतीय रुग्णांत वारंवार आढळणारा एक जनुकदोष, एल४४४पी, दोन्हीकडून आला तर आजार बहुधा मेंदूलाही धरतो. विकराचा रेणू मोठा असतो, रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. कॅप्सूलचंही औषध तिथं पुरेसं टिकत नाही. म्हणून डॉक्टर दर भेटीत पोट चाचपून झालं की मुलीसमोर दोन खेळणी धरतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि ‘हे बघ, आता ते बघ’ म्हणतात. इतर मुलांचे डोळे झटकन एकावरून दुसऱ्यावर उडी मारतात. तिचे डोळे मागं रेंगाळतात. मग ती पापण्या मिटते आणि अख्खी मान झटक्यानं वळवून दुसरं खेळणं गाठते.